डिलीट दाबूनही बायोस उघडेना

पेनड्राइव्हवरून नवी विंडोज टाकायची म्हणून संगणक सुरू करताना डिलीट दाबत राहावं, आणि समोर थेट विंडोजच यावी. कीबोर्ड बिघडलेला नसतो. त्याच्या नम लॉकच्या दिव्याकडे बघा: तो विंडोज सुरू होऊ लागल्यावरच पेटत असेल, तर त्याआधी मदरबोर्डने कीबोर्डची दखलच घेतलेली नाही.

हे काम बायोसमधल्या ‘फास्ट बूट’चं. एरवी संगणक सुरू होताना प्रत्येक यूएसबी पोर्ट तपासतो, त्यात काही सेकंद जातात. ते वाचवायला ही सोय यूएसबीची तपासणी अर्धवट करते. काही मदरबोर्डवरच्या ‘अल्ट्रा फास्ट’मध्ये तर ती पूर्णच टाळली जाते. त्या दोन-चार सेकंदांसाठी एवढा मनस्ताप मला तरी महाग वाटतो.

विंडोज चालू असेल तर तिच्याकडूनच आत शिरता येतं. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि लिहा:

```
shutdown /r /fw /t 0
```

संगणक बंद होऊन थेट बायोसमध्ये उघडतो. बूट विभागात ‘फास्ट बूट’ बंद करून बदल जतन करा. विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ ही वेगळी गोष्ट. नुसतं ते बंद केल्याने बायोसमधली ही सेटिंग बदलत नाही.

विंडोजच सुरू होत नसेल, तर डेस्कटॉपची वीज काढून मदरबोर्डच्या पुस्तिकेप्रमाणे सीमॉस रीसेट करावं. त्याने बायोसच्या बाकीच्या सेटिंगही मूळपदावर जातात, तारीख-वेळसुद्धा पुन्हा लावावी लागते.