सातबारा शोधताना

बँकेने सातबारा मागितला, की घरातलं कुणीतरी संगणकावर ‘सातबारा’ टाइप करतं आणि काहीच येत नाही. उतारा असतो, पण scan0012.pdf या नावाने. स्कॅन म्हणजे कागदाचा फोटोच. त्यातली अक्षरं शोधाला बहुधा दिसत नाहीत. म्हणून ओळख नावातच हवी:

```
2023-06-14_सातबारा_गट112.pdf
```

वर्ष, महिना, दिवस हा ISO 8601 मानकाचा क्रम. दिवस आधी लिहिला, तर नावांनुसार लावलेल्या यादीत सगळ्या वर्षांच्या एक तारखा एकत्र गोळा होतात. ‘७/१२’ लिहायला जावं, तर विंडोज फाईलच्या नावात तिरकी रेघ घेतच नाही.

मराठीची खरी मेख वेगळीच आहे. ‘शेतकऱ्याचा दाखला’ या नावातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे साठवला जातो: कुठे नुक्ता असलेला ऱ, तर कुठे साधा र आणि त्यासोबत न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण अनेक ठिकाणी एक टाइप केला तर दुसरा सापडत नाही. फाईल डोळ्यांसमोर असूनही शोध रिकामा आला, तर हीच शंका घ्यावी आणि नुसतं ‘शेतक’ टाइप करून पाहावं.

टॅगचंही तसंच. एकाने ‘जमीन’ आणि दुसऱ्याने ‘शेती’ लिहिलं, की अर्धे कागद हरवतात. घरात एकच शब्द ठरवावा.