खणभर पुस्तके : एका लोकवर्गणीला नाव देताना

२०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात पुराने जे केले ते वाचकांच्या आठवणीत असेल. त्या वर्षी गणेशविसर्जनानंतर माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तो लोंढ्याच्या बाजूला एका खेड्यात सरकारी मराठी शाळेवर शिक्षक आहे. शाळेच्या एका खोलीत पाणी शिरले होते. लाकडी कपाटाचे खालचे दोन खण बुडाले, वरची पुस्तके दमटपणाने गेली. गावाबाहेर विखुरलेल्या माजी विद्यार्थ्यांकडून आणि ओळखीपाळखीच्यांकडून मोबाइलवर पैसे गोळा करून ग्रंथालय पुन्हा उभे करायचे असे गावात ठरले होते. "सर, मजकूर मी लिहिला आहे, फक्त नाव सुचवा," असे म्हणून त्याने वहीचा कागद पुढे केला. त्यावर चार नावे आधीच होती : ज्ञानगंगा पुनरुत्थान अभियान, ग्रंथालय वाचवा, पूरग्रस्त शाळा ग्रंथनिधी आणि पुस्तकांचा लोंढा.

साहित्य शिकवणाऱ्याला असे काम क्षुल्लक वाटण्याचा धोका असतो. मलाही पाच मिनिटे तसेच वाटले. पण ती चार नावे एकेक करून उलगडू लागलो तेव्हा आमची दुपार त्यात गेली.

'ज्ञानगंगा' या शब्दावर तो स्वतःच हसला. ज्या शाळेत नदी शिरली तिला पुन्हा गंगेचेच नाव! शिवाय 'पुनरुत्थान अभियान' कानाला सरकारी परिपत्रकासारखे लागते. मी त्याला एक साधी परीक्षा करायला सांगितली. पुण्यात नोकरी करणारा गावचा मुलगा फोनवर आईला काय सांगेल, ते वाक्य म्हणून बघ. "आई, मी ज्ञानगंगा पुनरुत्थान अभियानाला पैसे पाठवले." असे वाक्य कोणी बोलत नाही. मराठीत नावाला प्रत्यय लागतात, त्याचे सामान्यरूप होते. 'ला', 'साठी', 'चे' लावल्यावर जे नाव तोंडात अडखळते ते एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही, आणि अशी वर्गणी तर तोंडोतोंडीच पसरायची असते.

'ग्रंथालय वाचवा' हे त्याचे आवडते नाव होते, कारण त्यात श्लेष आहे. 'वाचणे' म्हणजे अक्षरे वाचणे आणि 'वाचणे' म्हणजे जिवानिशी सुटणे; या एका क्रियापदावर मराठीत कितीतरी घोषणा उभ्या राहिल्या आहेत. पण श्लेषाच्या मोहात त्या नावाने खोटे सांगितले होते. वाचवायला तिथे काही उरले नव्हते. मुलांच्या चित्रमय पुस्तकांचा कागद गुळगुळीत, लेप दिलेला असतो. तो भिजून तसाच वाळला की पाने एकमेकांना चिकटून वीट होते, आणि सोडवायला गेले तर चित्रे निघून येतात. साध्या कागदावर चार दिवसांत बुरशी धरते. 'वाचवा' असे वाचून कोणी विचारले असते, "मग किती वाचली?", तर उत्तर शून्य. 'वाचवा' या शब्दाला आमच्या भागात दुसरीही एक किनार आहे. मराठी शाळेच्या नावापुढे तो आला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोर्चा येतो. शीर्षकात 'सीमाभाग' घातला असता तर महाराष्ट्रातून कदाचित चार पैसे जास्त आले असते. पण शाळा कर्नाटक सरकारची, मुले कन्नडही शिकतात, नव्या यादीत कन्नड गोष्टींची पुस्तकेही होती, आणि वर्गणी देणाऱ्यांत गावातली कन्नड बोलणारी घरेही होती. त्यांना बाहेर ठेवणारे नाव शाळेला परवडणारे नव्हते.

तिसऱ्या नावातला 'निधी' हा शब्द निर्मळ आहे, पण पुराशेजारी तो आला की मुख्यमंत्र्यांचा मदतनिधी आठवतो आणि देणाऱ्याला वाटते की हे काम सरकार करील. शब्दांच्या या छटा आपण वर्गात क्वचित शिकवतो. 'देणगी' म्हटले की मोठा माणूस आणि भिंतीवरची संगमरवरी पाटी डोळ्यांपुढे येते. 'मदत' म्हटले की घेणारा खाली जातो. 'वर्गणी' मात्र घरटी असते. गणपतीची वर्गणी देताना कोणी उपकार करत नाही, आपला वाटा टाकतो. ज्याला आज क्राउडफंडिंग म्हणतात त्याला 'लोकवर्गणी' हा शब्द मराठीत आधीपासून आहे, आणि त्याच शब्दाने गावोगावची देवळे व तालमी बांधल्या गेल्या आहेत.

चौथे नाव, 'पुस्तकांचा लोंढा', गावातल्या एका तरुणाने सुचवले होते. गावाशेजारचे ठिकाण लोंढा आणि पाण्याचा रेटाही लोंढा, असा त्याचा डाव. लोंढा जंक्शन गोव्याच्या रेल्वेमार्गावरच्या प्रवाशांना ठाऊक आहे. इतरांना लोंढा म्हणजे लोंढाच. 'लोंढ्यातील ग्रंथालय वाहून गेले' या वाक्यात गाव कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते ते कळत नाही. पण माझी खरी हरकत वेगळी होती. 'पुस्तकांचा लोंढा' म्हटले की लोक पुस्तकेच पाठवतात, आणि कोणती? घरातून निघणारी. आमच्याच महाविद्यालयाने मागे एकदा पुस्तके द्या असे आवाहन केले होते. पोत्यांतून आली ती जुन्या अभ्यासक्रमाची गाइडे, दिवाळी अंकांचे गठ्ठे आणि एका निवृत्त अभियंत्याचा संपूर्ण संग्रह. ती वेचायला दोन आठवडे लागले आणि ठेवायला जागा नव्हती. तिसरीच्या मुलाला हवे ते पुस्तक त्या पोत्यात नसते. पैसे हवे असतील तर नावाने पुस्तके मागू नयेत.

मग नावात काय असावे? मी त्याला पैसाफंडाची गोष्ट सांगितली. अंताजी दामोदर काळे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशी उद्योगांसाठी गावोगाव फिरून पैसा जमवला. कल्पना अशी की प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा. त्यातूनच पुढे १९०८ साली तळेगावचा काचकारखाना निघाला. 'पैसाफंड' या नावात ध्येय नाही, उदात्त विशेषण नाही, आणि त्यातला अर्धा शब्द इंग्रजी आहे. पण किती द्यायचे ते नावातच आहे, आणि तो आकडा इतका लहान आहे की नाही म्हणायला तोंड नाही. 'मुष्टिफंड' हा शब्दही त्याच घडणीचा. रोजच्या शिध्यातून मूठभर धान्य बाजूला काढायचे, हे सांगायला वेगळा मजकूर लागत नाही. माप नावात आले की देणाऱ्याचा हात आपोआप त्या मापाकडे जातो.

उलट उदाहरण चिपळूणचे. तिथले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. २००५ च्या आणि पुन्हा जुलै २०२१ च्या पुराने त्याची पुस्तके बुडवली. अशा संस्थेला मोहिमेचे वेगळे नाव शोधावे लागत नाही, कारण दीडशे वर्षांचे स्वतःचे नाव पुरेसे असते. खेड्यातल्या शाळेच्या ग्रंथालयाला असे नाव कुठून असणार? त्याला लोक "ते कपाट" म्हणतात.

त्या 'कपाट' शब्दावरूनच आम्हांला वाट सापडली. मी हिशेब मांडायला सांगितला. मुलांची पुस्तके काही पंचवीस-तीस रुपयांना, काही दीडशेला मिळतात. त्याच्या यादीची सरासरी साठ रुपये निघाली. तीन फुटी खणात अशी पन्नास पुस्तके सैल बसतात, आणि मुलांच्या हाताला ती सैलच हवीत. पाच खणांची तीन लोखंडी कपाटे घ्यायची, पण प्रत्येकाचा सर्वांत खालचा खण रिकामा ठेवायचा, कारण पाणी तिथवर पुन्हा येऊ शकते. उरले बारा खण, म्हणजे सहाशे पुस्तके. त्यांचे छत्तीस हजार आणि कपाटांचे, बारा हजारांना एक याप्रमाणे, छत्तीस हजार. एकूण बाहत्तर हजारांना बारांनी भागले की एका खणाचे सहा हजार होतात, आणि कपाटातल्या जागेसह एका पुस्तकाचे एकशे वीस. नाव तिथेच तयार झाले : 'खणभर पुस्तकं'. खाली एक ओळ : एकशे वीस रुपयांत एक पुस्तक, सहा हजारांत एक खण. एकट्याला सहा हजार जमत नसतील तर दहावीच्या एखाद्या तुकडीने मिळून खण भरावा, हेही 'भर' या प्रत्ययाने न सांगता सुचवले.

'पुस्तकं' की 'पुस्तके', यावर आमचा थोडा वाद झाला. माझा हात सवयीने एकाराकडे गेला. तो म्हणाला, गावात कोणी तसे बोलत नाही. नाव बोलायचे आहे, म्हणून अनुस्वार राहिला. या लेखाच्या शीर्षकात मी माझी सवय पाळली आहे.

नाव पक्के करण्यापूर्वी ते पाच-सहा जणांना ऐकवले हे बरे झाले. शाळेतल्या एका बाईंना 'खण' म्हटल्यावर आधी चोळीचा खण आठवला, आणि आमच्या भागात ते स्वाभाविक आहे. त्या तरुणाने लगेच ओटीचे चित्र काढायचे ठरवले : खण, नारळ आणि पुस्तक. बाईंनीच ते थांबवले. गावातल्या विधवा बायकांना ओटीच्या प्रसंगी बाजूला बसवतात, त्या पुस्तकांच्या वर्गणीतही बाजूला बसतील, असे त्या म्हणाल्या. चित्र उघड्या कपाटाचे काढले गेले.

दुसरी अडचण रोमन लिपीची होती. दुव्यासाठी `khanbhar-pustaka` असे टाइप केले आणि पाहणाऱ्या पहिल्याच मित्राने ते 'खानभर' वाचले. ण आणि न तिथे एकच, ह्रस्व-दीर्घही एकच. म्हणून दुव्यात `londa-pustaka` ठेवले. हे कानडी वाचणाऱ्यालाही कळते. मात्र 'लोंढा' देवनागरीत शीर्षकात न घेता खालच्या ओळीत, आधी गावाचे नाव आणि मग लोंढ्याजवळ, तालुका खानापूर, असे पूर्ण लिहिले.

एक गोष्ट नावाच्या बाहेरची, पण नाव तिच्यावरच फसते. मोबाइलवरून पैसे पाठवताना शेवटच्या क्षणी पडद्यावर खातेदाराचे नाव दिसते. वर 'खणभर पुस्तकं' आणि खाली अनोळखी व्यक्तीचे नाव असले की माणूस तिथेच थांबतो, आणि त्याने थांबावेच. म्हणून शाळा सुधारणा समितीचा ठराव करून समितीचेच खाते वापरले आणि खात्यावरचे नाव आवाहनात जसेच्या तसे छापले. नावात 'प्रतिष्ठान' किंवा 'ट्रस्ट' घालण्याचा मोहही टाळला. नोंदणी नसताना ते शब्द वापरले तर पहिला जाणकार देणगीदार करसवलतीची पावती मागतो आणि मग सगळ्या आवाहनावरच शंका येते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या दोघा गावकऱ्यांना नम्रपणे नकार कळवावा लागला, कारण परकीय देणगी घ्यायला वेगळी नोंदणी लागते.

नावाची शेवटची परीक्षा त्या विद्यार्थ्याने स्वतःच काढली. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर शिक्का बसणार होता. 'पूरग्रस्त' हा शब्द तिथे वीस वर्षे राहिला असता, आणि पूर न पाहिलेली मुलेही तो वाचत राहिली असती. आता शिक्क्यावर शाळेचे नाव आहे, त्याखाली 'खणभर पुस्तकं', आणि खणाचा क्रमांक लिहायला एक मोकळी चौकट.