पाण्याचाच ठसका का लागतो?

पक्षाघातातून उठलेल्या माणसाला आधी पाणी, चहा, पेज असं पातळच द्यायचं, ही आपल्या घरांतली रीत. पण गिळायला त्रास असेल तर तीच धोक्याची ठरते. घोट घशातून उतरताना श्वासनलिकेचं तोंड क्षणभर झाकलं जातं. मेंदूला इजा झाली की हे झाकणं उशिरा होतं आणि पाणी तेवढ्यात श्वासनलिकेत शिरतं. दाट पदार्थ सावकाश सरकतो, त्यामुळे घशाला वेळ मिळतो.

समजा, पंचाहत्तरीच्या आजोबांची उजवी बाजू लुळी पडली आहे. चहा पिताना ठसका लागतो आणि नंतर आवाज ओलसर, घरघरता येतो. स्पीच थेरपिस्ट तपासून सांगतात, पेयं दुसऱ्या पातळीची, जेवण पाचव्या पातळीचं. या पातळ्या 0 ते 7 अशा आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीतल्या आहेत.

पेयाची पातळी घरी सिरिंजने बघता येते. 0 ते 10 खुणांमधलं अंतर 61.5 मिलिमीटर असलेली 10 मिलिलिटरची सिरिंज घ्यायची, सुई आणि दट्ट्या काढायचा, खालचं तोंड बोटाने बंद करून पेय 10 पर्यंत भरायचं. मग बोट काढून 10 सेकंद वाहू द्यायचं. 4 ते 8 मिलिलिटर उरलं तर दुसरी पातळी जमली. त्याहून कमी उरलं तर पेय पातळ झालं, जास्त उरलं तर फार दाट.

पाचव्या पातळीच्या जेवणातले कण 4 मिलिमीटरच्या आत हवेत, म्हणजे साधारण काट्याच्या दोन दातांमधल्या फटीएवढे. घास मऊ, ओलसर हवा, पण त्यातून पाणी सुटता कामा नये. म्हणून आपला पातळ वरण-भात इथे चालत नाही: वरण आधी घशाकडे पळतं आणि शितं तोंडात चघळायची राहतात. गुरगुट्या भात घट्ट वरणात घोटून दिला तर चालतो. कोरडे पोहे, भाकरीचा चुरा, कुरमुरे टाळावेत.

दाट केलं की सगळं निभावलं, असं मात्र नाही. अति दाट पेय घशात चिकटून राहतं आणि गिळून झाल्यावर श्वासनलिकेत ओघळू शकतं. दाट पाणी आवडत नाही म्हणून माणूस कमी पितो. लघवी गडद झाली, सुस्ती वाढली तर शरीरात पाणी कमी पडतंय हे ओळखावं. शिवाय पेय दाट केल्याने न्यूमोनिया नक्की टळतो, असा ठोस पुरावा अजून नाही. काहींना तर अन्न श्वासनलिकेत गेलं तरी खोकलाच येत नाही. अशा वेळी वारंवार येणारा ताप किंवा जेवणानंतर वाढणारी धाप, एवढीच खूण असते.

म्हणून तोंडाची स्वच्छता मला अन्नाच्या दाटपणाइतकीच महत्त्वाची वाटते. लाळेसोबत फुप्फुसात जाणारे जंतू तोंडातलेच असतात. आजोबांना पूर्ण जाग असताना, ताठ बसवून, छोटा चमचा भरवावा. लुळ्या बाजूच्या गालात घास साठतो, तो बोटाने किंवा कापसाने काढून दात घासावेत आणि पुढचा अर्धा तास त्यांना आडवं करू नये. गोळ्याही परस्पर कुटून देऊ नयेत, काही गोळ्या कुटल्याने घातक ठरतात.

गिळणं बहुतेकांचं पहिल्या काही आठवड्यांत सुधारतं. तेव्हा थेरपिस्टकडून पुन्हा तपासून घ्यावं आणि दाटपणा त्यांच्या सल्ल्यानेच उतरवत न्यावा.