भिंतीला भोक न पाडता सजावट

भाड्याच्या घरात चिकटणारा हूक टिकणार की नाही, हे हुकापेक्षा भिंतीच्या रंगावर ठरते. भिंतीवरून बोट फिरवून पाहावे. बोटाला पांढरी भुकटी लागली, तर तो साधा डिस्टेंपर किंवा चुना. अशा भिंतीवर चिकटपट्टी भिंतीला नव्हे, भुकटीलाच चिकटते आणि फ्रेम रात्रीतून खाली येते. प्लास्टिक इमल्शन, ऑइल पेंट किंवा टाइल्सवर मात्र हूक नीट बसतो.

एक किलोची फ्रेम लावायची असेल, तर दोन किलोचा हूक घ्यावा. जागा स्पिरिटने पुसून वाळू द्यावी, पट्टी अर्धा मिनिट घट्ट दाबावी आणि तासाभराने वजन टांगावे. घाई इथेच नडते. ओढून निघणारी पट्टी काढताना तिचे टोक भिंतीलगत सरळ खाली, सावकाश ताणावे. स्वतःकडे ओढल्यास रंगाचा पापुद्रा निघतो आणि डिपॉझिटमधून पैसे कापले जातात.

जड चित्र टांगूच नये. ते कपाटावर किंवा जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवावे आणि खाली रबराचा तुकडा द्यावा, म्हणजे ते घसरत नाही.

स्वतः चिकटणाऱ्या वॉलपेपरलाही गुळगुळीत, कोरडी भिंत लागते. नव्या रंगावर तो महिनाभर लावू नये. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर त्याच्यामागे बुरशी धरते; तिथे तो लावूच नये.