आरशातल्या झाडात साठ शोधताना

मुळाशी ५०. त्याच्या डावीकडे ३०, उजवीकडे ७०. ३० च्या खाली २० आणि ४०, ७० च्या खाली ६० आणि ८०. सात नोडचं हे बायनरी सर्च ट्री. त्याचा नियम एकच: कुठल्याही नोडच्या डाव्या फांदीतले सगळे आकडे त्याच्याहून लहान, उजव्या फांदीतले सगळे मोठे. म्हणून ६० शोधताना सातही नोड चाळावे लागत नाहीत. ५० हून मोठा म्हणून उजवीकडे, ७० हून लहान म्हणून डावीकडे, की सापडला.

या झाडाचं आरशातलं रूप करायचं तर प्रत्येक नोडच्या दोन मुलांची अदलाबदल करायची. पायथनमध्ये ते असं लिहितात:

```python
def mirror(n):
    if n is None:
        return
    n.left, n.right = n.right, n.left
    mirror(n.left)
    mirror(n.right)
```

होमब्रूचे निर्माते मॅक्स हॉवेल यांनी २०१५ मध्ये गूगलच्या मुलाखतीबद्दल ट्विट केलं, तेव्हापासून हा प्रश्न फार गाजला. चर्चा मात्र बहुतेक वेळा या कोडपाशीच थांबते. मला खरा प्रश्न त्याच्या पुढचा वाटतो: त्या क्रमाचं काय झालं?

डावी फांदी, मग नोड, मग उजवी फांदी असं वाचत गेलं, तर आधी २० पासून ८० पर्यंत चढते आकडे मिळायचे. आता ८० पासून २० पर्यंत उतरते मिळतात. क्रम शाबूत आहे, फक्त उलटा झाला आहे. 'मोठा असेल तर डावीकडे' असा शोध घेतला, तर ६० पूर्वीसारखाच तीन तुलनांत हाती लागतो.

शोधणारा कोड जुनाच राहिला, की घात होतो. ६० हा ५० हून मोठा, म्हणून तो उजवीकडे वळतो; तिथे आता ३० आहे. पुन्हा उजवीकडे २०, आणि पुढे काहीच नाही. ५० हून मोठा कुठलाही आकडा शोधा, वाट याच २० पाशी संपते. लहान शोधा, ती ८० पाशी संपते. सापडतो तो एकटा ५०. कुठेही एरर येत नाही. आकडा झाडात असूनही 'नाही' एवढंच उत्तर मिळतं.

याहून वाईट म्हणजे जुन्याच नियमानं नवा आकडा घालणं. ६५ घातला तर तो २० च्या उजवीकडे लटकतो. आता वाचन ८०, ७०, ६०, ५०, ४०, ३०, २०, ६५ असं होतं. शेजारच्या आकड्यांची तुलना करत गेलं, की उतरत्या ओळीतली ही शेवटची उडी लगेच दिसते. पण झाड परत आरशात फिरवून ती दुरुस्त होत नाही: ६५ आता २० च्या डावीकडे जातो, आणि शोध मात्र त्याला ६० च्या उजवीकडे धुंडाळत राहतो.