जुन्या डिप्लोमा पुस्तकाचे किती मिळतील? आधी कोड पाहा

कर्जत-खालापूर भागात इंजिनीअरिंग डिप्लोमाची वापरलेली पुस्तके स्टॉलवर विकायला नेली, तर आधी पाहिला जातो तो मुखपृष्ठावरचा विषयाचा कोड. कारण तंत्रशिक्षण मंडळाने २०२३-२४ पासून ‘आय स्कीम’ऐवजी टप्प्याटप्प्याने ‘के स्कीम’ आणली. बेसिक मॅथेमॅटिक्सचा कोड २२१०३ होता, तो ३११३०२ झाला. गणित तेच असले तरी नवा विद्यार्थी आपल्या स्कीमचेच पुस्तक मागतो. त्यामुळे आय स्कीमचे पुस्तक कोरे करकरीत असले तरी बहुधा रद्दीच्याच भावाने जाते.

कोड जुळला की हिशेब सुरू होतो. समजा, छापील किंमत २०० रुपये आहे आणि नवे पुस्तक सवलतीत १८० ला मिळते. मग जुन्याला १०० च्या वर गिऱ्हाईक मिळणे कठीण. १०० ला विकायचे तर स्टॉलवाला साधारण ६० देईल. उरलेल्या ४० मध्ये त्याचा नफा आणि न खपलेल्या प्रतींचा तोटाही आला. शिवण सुटली असेल तर बाइंडिंगचे २० वजा, म्हणजे हातात ४०.

पेन्सिलच्या खुणा खपतात, पण उदाहरणांखाली पेनने लिहिलेली उत्तरे भाव पाडतात. ओल लागलेले, कुबट वासाचे पुस्तक मात्र घेऊच नये. त्याची बुरशी शेजारच्या गठ्ठ्यालाही लागते.

वेळेचाही फरक पडतो. पहिल्या सत्राचे पुस्तक हिवाळी परीक्षेनंतर लगेच विकले, तर ते पुढच्या प्रवेशांपर्यंत पडून राहते. तेच प्रवेशांच्या सुमारास नेले तर घासाघीस करता येते, अर्थात इथल्या पावसात तोवर कोरडे राहिले तर.