आकड्यामागची अकरा मुलं

स्वयंसेवी संस्थेला प्रोग्रॅम कोऑर्डिनेटर हवा असला की जाहिरातीत तीन अटी हमखास येतात: फिल्डवरचा अनुभव, देणगीदारांना अहवाल देण्याची सवय आणि लोकसहभाग. आलेल्या बायोडेटांतही त्या तिन्ही असतात, बहुतेकदा जाहिरातीतल्याच शब्दांत. चाळणी लावणारा माणूस मग ते शब्द सोडून देतो आणि त्यांच्या खाली काही दिसतंय का ते शोधतो.

समजा, मेळघाटात धारणी तालुक्यातल्या बालकुपोषणाच्या प्रकल्पासाठी जाहिरात आहे. पैसा एका कंपनीच्या सीएसआरचा, थोडा परदेशी देणगीचा. कोरकू येणाऱ्याला प्राधान्य. अर्ज करणारी मुलगी त्याच भागात दुसऱ्या संस्थेत चार वर्षं राबलेली आहे. तिच्या बायोडेटातलं पहिलं वाक्य: ‘४० गावांत पोषण कार्यक्रम राबविला.’

चाळीस गावं संस्थेची होती. तिच्याकडे बारा होती. बारा गावं, दोन फिल्ड वर्कर, महिन्यातून एकदा अंगणवाडी सेविका आणि आशाताईंबरोबर दंडघेराची मोजणी, हे लिहिलं की काम डोळ्यांसमोर उभं राहतं. दंडघेर साडेअकरा सेंटीमीटरच्या आत आला की मूल तीव्र कुपोषित, हे तिला सांगता येतंच. पट्टी हातात धरलेल्या माणसाचं ते रोजचं बोलणं. भाषेबद्दलही ‘कोरकू समजते, बोलणं कामापुरतं’ एवढं पुरे. ‘उत्तम’ लिहिलं तर मुलाखतीत कुणीतरी कोरकूतच विचारतं.

खरी परीक्षा दुसऱ्या वाक्याची. ‘तीव्र कुपोषित मुलांची संख्या ६० टक्क्यांनी घटविली.’ ऑगस्टमध्ये ३० मुलं होती, फेब्रुवारीत १२. हिशेब बरोबर आहे. पण मेळघाट ओळखणारा वाचक लगेच महिन्यांकडे बघतो. खरिपाची कामं आटोपली की घरंच्या घरं मजुरीला बाहेर पडतात आणि बरीचशी होळीच्या सुमारास परततात. त्या ३० पैकी ११ मुलं फेब्रुवारीत गावातच नव्हती. सुधारली ती सात. घटलेल्या अठरांपैकी अकरा नुसती यादीतून गळली होती.

म्हणून वाक्य असं हवं: ‘ऑगस्टमधील ३० तीव्र कुपोषित मुलांचा पाठपुरावा, फेब्रुवारीत ७ सुधारली, १२ तशीच, ११ स्थलांतरित. होळीनंतर परतलेल्यांची पुन्हा मोजणी.’ सात हा आकडा साठ टक्क्यांपुढे किरकोळ दिसतो, पण जाणत्या वाचकाच्या लेखी याच वाक्यामुळे अर्ज वरच्या गठ्ठ्यात जातो. यात फिल्डही आलं आणि अहवालाची शिस्तही.

अहवालाबाबत आणखी एक चूक नेहमी दिसते: ‘उपयोगिता प्रमाणपत्रे सादर केली.’ खर्चाच्या त्या दाखल्यावर चार्टर्ड अकाउंटंटची सही लागते. कोऑर्डिनेटरचं काम त्याच्या आधीचं असतं. व्हाउचर, हजेरीपट आणि अहवालातली संख्या एकमेकांशी जुळवायची. शिबिराला ४५ बाया आल्या असं अहवाल म्हणतो आणि जेवणाचं बिल ७० ताटांचं, तर ऑडिटच्या आधी ते पकडायचं. प्रवासाच्या मथळ्यातला उरलेला पैसा पोषण आहाराकडे वळवायचा असेल, तर अनेक करारांत ठरावीक मर्यादेपलीकडे देणगीदाराची लेखी परवानगी लागते. ती वेळेत मागितली असेल, तर तेवढी एक ओळ ‘रिपोर्टिंगचे सखोल ज्ञान’पेक्षा वजनदार.

लोकसहभागाची गत सगळ्यात वाईट. ‘२४ सभा, १,१०० लाभार्थी.’ सभा भरवायला सतरंजी आणि चहा पुरतो. सभेनंतर गावानं स्वतःहून काय केलं, ते सांगायला हवं. तिच्या बाबतीत एका गावातल्या बायांनी अंगणवाडीची वेळ बदलून मागितली, कारण ती उघडायच्या आतच त्या शेतावर निघत. ग्रामसभेत ठराव झाला, वेळ बदलली. तिनं हे बायोडेटात घातलंच नव्हतं; ‘हे तर त्यांनीच केलं’ म्हणून. तिचा वाटा ठराव लिहायला मदत करण्याचा आणि पर्यवेक्षिकेकडे पाठपुरावा करण्याचा. तेवढाच लिहावा, पण लिहावा.

राहिली परदेशी देणगी. जाहिरातीत एफसीआरएचा अनुभव मागितलाय आणि तिनं फक्त सीएसआरचे तिमाही अहवाल केलेत. इथे ओढूनताणून काही घालू नये. कायद्यानं त्या पैशाचं बँक खातं वेगळं, हिशेब वेगळा. वार्षिक विवरण हिशेबनीस बघतात. कोऑर्डिनेटरला सांभाळायचं ते एवढंच, की त्या निधीचं बिल दुसऱ्या प्रकल्पाच्या फायलीत जाऊ नये. अर्जासोबतच्या पत्रात ‘एफसीआरए निधीवर काम केलेले नाही, दोन देणगीदारांचे खर्च वेगळे ठेवून अहवाल दिले आहेत’ असं सरळ लिहावं. हा अनुभव महिन्याभरात मिळवून देता येतो, हे संस्थेलाही ठाऊक असतं.